पदवी पूर्ण झाली आणि ‘द वर्ल्ड’ आलं: ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न कसा वाचायचा

पीएच.डी.चा प्रबंध नुकताच जमा केलेली, सीएची शेवटची परीक्षा दिलेली किंवा चार-पाच वर्षं चाललेला प्रकल्प हातावेगळा केलेली व्यक्ती समोर बसते आणि विचारते, ‘आता पुढे काय?’ तुम्ही कार्ड उलगडता आणि निघतं ‘द वर्ल्ड’. टॅरो नव्यानं शिकणाऱ्याला इथे हायसं वाटतं. मेजर अर्काना या मुख्य कार्डांच्या संचातलं शेवटचं, 21 क्रमांकाचं कार्ड, अर्थ ‘पूर्णत्व आणि यश’. म्हणून तो ‘सगळं छान होणार’ असं सांगून मोकळा होतो. समोरची व्यक्ती मान डोलावते, पण तिला काहीच मिळालेलं नसतं. तिनं पुढचं विचारलं होतं आणि कार्ड बोललं मागचं.

‘द वर्ल्ड’ पुढच्या रस्त्याचं नाव सांगत नाही. एक वर्तुळ कुठे मिटलं, किंवा मिटायचं राहिलं, तेवढं ते दाखवतं. पुढचं उत्तर आजूबाजूच्या कार्डांकडून काढावं लागतं आणि त्यासाठी प्रश्न बदलावा लागतो. हे कसं करायचं ते इथे क्रमानं सांगते. तुमच्याकडे रायडर-वेट-स्मिथ डेक आहे असं धरून चालते, कारण शिकणाऱ्या बहुतेकांच्या हातात तोच किंवा त्यावरून काढलेला एखादा डेक असतो.

पहिली पायरी: अर्थ पाठ म्हणू नका, कार्ड बघा

हा डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. ‘द वर्ल्ड’ समोर ठेवा. मधोमध हिरव्या पानांचं लंबगोल तोरण आहे, वर आणि खाली लाल फितीनं बांधलेलं. त्याच्या आत एक नाचणारी आकृती आहे. अंगाभोवती लहरणारं वस्त्र, दोन्ही हातांत एकेक छडी, एक पाय दुसऱ्यामागे दुमडलेला. तिच्या पायाखाली जमीन नाही आणि तिची नजर समोर नसून एका बाजूला वळलेली आहे. कार्डाच्या चार कोपऱ्यांत ढगांमधून चार चेहरे डोकावतात. वर डावीकडे माणूस, वर उजवीकडे गरुड, खाली डावीकडे बैल आणि खाली उजवीकडे सिंह.

आता डेकमधून 10 क्रमांकाचं ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ काढा आणि शेजारी ठेवा. तेच चौघं तिथेही त्याच कोपऱ्यांत आहेत. फरक एवढाच, की तिथे प्रत्येकाला पंख आहेत आणि प्रत्येकासमोर पुस्तक उघडलेलं आहे. चाक फिरतंय आणि चौघं वाचत बसलेत. 21 क्रमांकावर येईपर्यंत पुस्तकं गेलेली आहेत, फक्त चेहरे उरलेत. ज्याचं शिक्षण नुकतंच संपलंय त्याला ही दोन कार्डं शेजारी ठेवून दाखवा आणि काही बोलू नका. बरीच माणसं स्वतःहून बोलू लागतात. माझ्या मते लांब पदवीच्या प्रश्नात या कार्डाचा सगळ्यात उपयोगी तपशील हाच आहे, कारण त्यातून खरा प्रश्न बाहेर येतो: पुस्तक मिटल्यावर मी कोण आहे?

तुमचा डेक वेगळा असेल तर काय? मार्सेय परंपरेच्या डेकमध्ये मांडणी साधारण अशीच असते. थॉथ डेकमध्ये या कार्डाचं नाव ‘द युनिव्हर्स’ आहे. पंधराव्या शतकातल्या इटलीतल्या हातानं रंगवलेल्या व्हिस्कोंती-स्फोर्झा पत्त्यांत मात्र नाचणारी आकृती नाही. दोन मुलं एक गोल उचलून धरतात आणि त्या गोलात एक शहर आहे. तेव्हा टॅरो हा पत्त्यांचा खेळ होता, भविष्य वगैरे फार नंतर आलं. ज्या डेकवर वाचताय त्यावर जे दिसतं तेच वाचा. कोपऱ्यांतले चौघं तुमच्या डेकमध्ये नसतील तर पुढची मांडणी तुम्हाला थोडी जुळवून घ्यावी लागेल.

एक गोष्ट मराठी माणसाशी बोलताना हमखास निघते. वेट आणि स्मिथ गूढविद्येच्या ज्या ‘गोल्डन डॉन’ मंडळात होते, त्या मंडळानं हे कार्ड शनी ग्रहाशी जोडलं होतं. हे ऐकलं की समोरचा लगेच म्हणतो, ‘बरोबर, माझी साडेसाती चालू आहे.’ इथे थांबवा. साडेसाती जन्मराशीवरून, म्हणजे चंद्र ज्या राशीत असतो तिच्यावरून मोजतात. ती वेगळ्या शास्त्राची गोष्ट आहे आणि टॅरोचं कार्ड निघाल्यानं ती सिद्धही होत नाही, टळतही नाही. या कार्डात शनी घ्यायचा तो मर्यादा, वेळ आणि सावकाश मिळणारं फळ एवढ्यापुरता. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. लांब पदवी करून थकलेल्या माणसाला सांगायचं ते हे, की इतका वेळ लागणं हे या कार्डाच्या स्वभावातच बसतं.

दुसरी पायरी: नेमकं काय संपलंय ते विचारा

ही पायरी नवशिके हटकून गाळतात आणि बहुतेक चुकीची रीडिंग इथेच सुरू होतात. ‘पीएच.डी. झाली’ या दोन शब्दांत किती टप्पे दडलेले असतात ते बघा. आधी सिनॉप्सिस, मग प्रबंध जमा करणं, मग परीक्षकांचे अहवाल येणं, मग तोंडी परीक्षा म्हणजे व्हायवा, मग विद्यापीठाचं नोटिफिकेशन आणि शेवटी पदवीदान. प्रबंध जमा होण्यापासून व्हायवापर्यंत कित्येक महिने जाऊ शकतात. त्या काळात माणूस ना विद्यार्थी असतो ना डॉक्टर. शिष्यवृत्ती थांबलेली असते, नावापुढे काही लागलेलं नसतं आणि घरी रोज विचारणा चालू असते.

म्हणून कार्डं पिसण्याआधी दोन साधे प्रश्न विचारा. शेवटचा कागद कोणता आणि तो कोणत्या तारखेला दिला? आणि आता तुमच्या हातात काय उरलंय, काय दुसऱ्याच्या हातात आहे? उत्तरं वहीत लिहा. व्हायवा बाकी असेल तर ‘द वर्ल्ड’ आलं तरी ‘झालंच समजा’ म्हणू नका. तुम्हाला परीक्षकाचं मन माहीत नाही, कार्डालाही नाही. अशा वेळी म्हणायचं एवढंच: तुमच्या बाजूचं काम पूर्ण झालेलं आहे आणि आता वर्तुळाचा उरलेला भाग दुसऱ्याच्या हातून मिटणार आहे.

प्रकल्पाचंही तसंच. इमारतीचं काम ‘झालं’ म्हणजे ताबा दिला, की शेवटचं बिल मिळालं, की त्यानंतरचा दुरुस्तीच्या जबाबदारीचा काळही सरला? माहितीपट ‘झाला’ म्हणजे संकलन संपलं की तो लोकांनी पाहिला? कार्ड तेच असतं, पण या उत्तरांवरून वाचन पार बदलतं.

तीन कार्डांच्या साध्या मांडणीत ‘द वर्ल्ड’ कुठे आलंय हेही याच्याशी ताडून बघा. ते भूतकाळाच्या जागी आलं, तर काम खरोखर संपलेलं आहे आणि माणूस मनानं अजून तिथेच राहतोय, असं बहुधा वाचावं. वर्तमानाच्या जागी आलं, तर आत्ता थांबून दखल घ्यायची वेळ आहे. भविष्याच्या जागी आलं आणि व्यक्ती म्हणते ‘माझं तर सगळं झालंय’, तर कुठला तरी धागा लोंबतोय. तो शोधा. कधी लॅबची किल्ली परत द्यायची असते, कधी नो-ड्यूज प्रमाणपत्र अडकलेलं असतं, कधी सहसंशोधकाशी अबोला असतो. दुसऱ्या एखाद्या मांडणीत सल्ल्याच्या जागी आलं, तर अर्थ सरळ आहे: पुढचं काही धरण्याआधी हे पुरतं करा.

तिसरी पायरी: प्रश्न लहान करा

‘पुढे काय?’ या प्रश्नाला कुठलीही 78 कार्डं पुरी पडणार नाहीत. तो फोडावा लागतो आणि फोडायची जागा कार्डावरच आहे: चार कोपरे. प्रश्न विचारणाऱ्याला सांगा, की मधलं वर्तुळ मिटलेलं आहे, आता आपण चारही कोपऱ्यांना वेगवेगळं विचारू.

बैल हा वृषभेचा, म्हणजे पृथ्वी तत्त्वाचा. त्याला विचारायचं पोटापाण्याचं, पैशाचं, जागेचं. सिंह अग्नीचा, त्याला विचारायचं अंगातल्या जोमाबद्दल आणि खऱ्या इच्छेबद्दल. गरुड परंपरेनं वृश्चिकेशी जोडलेला, जलतत्त्वाचा. त्याच्याकडे नाती आणि मन. माणूस हा कुंभेचा आणि कुंभ ही वायुतत्त्वाची रास आहे. घड्यामुळे पाणी मनात येतं आणि शिकणारे इथे फसतात, तेवढं सांभाळा. या कोपऱ्याला विचारायचं ज्ञानाबद्दल: जे शिकलो त्याचं आता काय करायचं?

चौथी पायरी: मांडणी

एकाच कार्डाच्या वाचनात ‘द वर्ल्ड’ निघालं असेल तर ते परत डेकमध्ये घालू नका. टेबलाच्या मधोमध सरळ ठेवा. उरलेली 77 कार्डं पिसून प्रश्न विचारणाऱ्याकडून कापून घ्या. मग वरून एकेक काढत जा, पण सुरुवात खालून करा: आधी खाली डावीकडे बैलाचं, मग खाली उजवीकडे सिंहाचं, मग वर उजवीकडे गरुडाचं आणि शेवटी वर डावीकडे माणसाचं. मी हाच क्रम ठेवते, कारण भाडं आणि झोप यांचं काय ते कळल्याशिवाय ‘ज्ञानाचं काय करू’ या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नाही.

चारही कार्डं उलगडल्यावर अर्थ सांगण्याआधी एक नजर टाका. कुठल्या कोपऱ्यात त्याच तत्त्वाचं कार्ड आलंय का? बैलाच्या जागी पेंटॅकल्स, सिंहाच्या जागी वाँड्स, गरुडाच्या जागी कप्स, माणसाच्या जागी सोर्ड्स, असं जिथे जुळतं तिथली बाब स्वतःच्या रुळावर आहे असं धरा. जिथे दुसरंच तत्त्व आलंय तिथे ओढाताण आहे आणि बोलायचं ते तिथेच जास्त. मेजर अर्कानाचं कार्ड आलं तर तो कोपरा या घडीला सगळ्यात वजनदार समजा. पाचवं, सहावं कार्ड ‘अजून जरा स्पष्ट व्हावं’ म्हणून काढू नका. चार कार्डांतून जे निघत नाही ते आठांतूनही निघत नाही, गोंधळ तेवढा वाढतो.

एक वाचन सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, तेहतीस वर्षांची एक संशोधक आहे. कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींवर तिनं सहा वर्षं काम केलं. प्रबंध मार्चमध्ये जमा झाला, व्हायवा व्हायचा आहे. समोर तीन गोष्टी आहेत. गावाजवळच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवण्याची विचारणा झाली आहे, परदेशात पोस्टडॉकसाठी अर्ज करावा असं गाइड म्हणतात आणि आईवडिलांना वाटतं, आता तरी घरी यावं. ती विचारते, ‘पुढे काय?’ मधोमध ‘द वर्ल्ड’, सरळ. चार कोपऱ्यांत आलं ते असं.

बैलाच्या जागी पेंटॅकल्सची तिर्री. चित्रात एक कारागीर मठाच्या कमानीखाली बाकावर उभा राहून काम करतोय आणि शेजारी दोघं जण आराखडा घेऊन उभे आहेत. पृथ्वीच्या जागी पृथ्वीचंच कार्ड, म्हणजे कमाईची बाजू दिसते तितकी वाईट नाही. वेटनं या कार्डाबद्दल एक सुंदर दुवा दिलाय: पेंटॅकल्सच्या अठ्ठीत जो शिकाऊ एकटा बसून ठोकत होता, त्याला त्याचं फळ मिळालंय आणि आता तो खऱ्या कामाला लागलाय. पदवी संपवणाऱ्यासाठी याहून नेमकं कार्ड क्वचित येतं. अठ्ठी काढून शेजारी धरून दाखवायला हरकत नाही, फक्त ती मांडणीत ठेवू नका. तिला विचारा: तुम्हाला आलेल्या तीन वाटांपैकी कुठल्या वाटेवर तुमच्या शेजारी आराखडा धरणारं कुणी उभं आहे? तासिका तत्त्वावर ती वर्गात एकटी असेल. पोस्टडॉकमध्ये गट असेल. आणि कदाचित तिनं न सांगितलेली चौथी वाट असेल, एखाद्या सर्वेक्षण प्रकल्पातली. कार्ड ‘पोस्टडॉक कर’ असं म्हणत नाही, ‘एकटीनं ठोकत बसायचे दिवस सरले’ असं म्हणतं.

सिंहाच्या जागी सोर्ड्सची चौकडी. दगडी समाधीवर हात जोडून पहुडलेला सरदार, वर भिंतीवर तीन तलवारी, खाली एक. अग्नीच्या कोपऱ्यात वायूचं कार्ड आलं: जोमाची जागा विचारांनी खाल्लीय. इथे हळू बोला. हे मृत्यूचं कार्ड नाही, विश्रांतीचं आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण चित्र पाहून माणूस दचकतो. मग विचारा, प्रबंध जमा केल्यापासून सलग काही दिवस काम न करता गेलेत का? बहुधा गेलेले नसतात. लगेच अर्ज, लगेच पेपर, लगेच नेट-सेटची जुळवाजुळव. तिच्या ‘पुढे काय’चं सगळ्यात जवळचं उत्तर याच कोपऱ्यात आहे आणि ते असं: पुढचं ठरवण्याआधी थांबायचं, आणि किती दिवस थांबायचं ते कॅलेंडरवर लिहून थांबायचं. नुसतं ‘थोडी विश्रांती घ्या’ असं सांगू नका. ‘कुठल्या तारखेपर्यंत एकही अर्ज भरणार नाही?’ असं विचारा आणि तिच्या तोंडून तारीख घ्या. अर्थात एखाद्या अर्जाची शेवटची तारीख त्याआधी येत असेल तर ती आधी पाहा. वाचनापायी कुणाची संधी हुकता कामा नये.

गरुडाच्या जागी कप्सची छक्की. जुन्या अंगणात एक मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला कप देतोय. जल कोपऱ्यात जलाचं कार्ड, म्हणजे हाही कोपरा रुळावर आहे. सोपा अर्थ ‘घर, बालपण, आठवणी’ आणि आईवडिलांचा आग्रह डोळ्यांसमोर असल्यानं ‘घरी जा’ असं वाचायचा मोह होतो. पण चित्रात देणारा मोठा आहे आणि घेणारी लहान. सहा वर्षं ती गाइडकडून, सीनियरकडून घेत आली. आता देणारी कोण? तिच्या मागून आलेल्या मुलींना सड्यांवरच्या जागा दाखवायच्या आहेत का, नोंदवह्या कुणाला सोपवायच्या आहेत का, हे विचारा. आईवडिलांकडे चार दिवस जाणंही याच कार्डात बसतं. दोन्ही अर्थ तिच्यासमोर ठेवा आणि तिचा चेहरा कशावर उजळतो ते बघा.

माणसाच्या जागी वाँड्सची दुर्री. गढीच्या तटावर उभा असलेला माणूस समुद्राकडे बघतोय आणि त्याच्या हातात एक छोटा पृथ्वीगोल आहे. ‘द वर्ल्ड’च्या वाचनात हा गोल दिसला की लक्ष द्या. मधल्या कार्डात आकृती विश्वाच्या आत नाचत होती, इथे विश्व लहान होऊन तळहातावर आलंय. हा प्रबंध आहे, बांधून पूर्ण झालेला. दोन काठ्यांपैकी एक त्याच्या हातात आहे आणि दुसरी तटाला कडीत अडकवलेली आहे. ज्ञानाच्या जागी अग्नी: विचाराला आता बाहेर जायचंय, पण एक काठी अजून भिंतीला आहे. तिच्या बाबतीत ती कडी म्हणजे व्हायवा. तो होईपर्यंत तटावरून बघायचं, पाहणी करायची, पत्रं लिहायची. गलबतात बसायचं नाही.

आता चारही एकत्र सांगा, पण तीन-चार वाक्यांतच. ‘तुमचं काम पूर्ण आहे. आधी ठरावीक दिवस थांबा. त्या काळात जे शिकलात त्यातलं थोडं मागच्यांना द्या. दूरच्या जागांची चौकशी करा, पण शब्द व्हायवानंतर द्या, आणि निवडताना पगाराबरोबर हेही बघा की शेजारी माणसं कोण आहेत.’ वाचन इथे संपतं. कुठल्या देशात, कुठल्या महिन्यात, किती पगारात, यातलं काहीही या पाच कार्डांत नव्हतं, त्यामुळे ते तुमच्या तोंडी येऊ देऊ नका.

कार्ड उलटं आलं तर

वेटनं उलट्या ‘वर्ल्ड’चे अर्थ जडत्व, साचलेपण, एका जागी खिळणं असे दिलेत. नवशिके याचा ‘अपयश’ असा अर्थ लावतात आणि प्रबंध जमा करून आलेल्या माणसाच्या पोटात गोळा आणतात. पदवीच्या प्रश्नात उलटं ‘वर्ल्ड’ मला दोन प्रकारचं दिसतं आणि त्यांचा उपाय एकमेकांच्या अगदी उलट असतो, म्हणून आधी ओळखायला शिकायला हवं.

पहिल्या प्रकारात काम खरोखर अपुरं आहे. शेवटचं प्रकरण लिहायचंय, दुरुस्त्या राहिल्यात, प्रकल्पाचा हिशोब द्यायचाय. ‘काय राहिलंय?’ असं विचारलंत की अशा व्यक्तीकडे ठोस यादी असते आणि ती संपू शकते. तिला पुढचं काही सांगू नका. ती यादी क्रमानं लावायला मदत करा.

दुसऱ्या प्रकारात काम झालेलं आहे, पण माणूस तोरणाबाहेर पडायला तयार नाही. ‘काय राहिलंय?’ विचारलं तर उत्तर धूसर येतं: अजून थोडा डेटा हवा होता, अजून एक संदर्भ बघायचाय, अजून समाधान नाही. यादीतली एक गोष्ट पूर्ण झाली की तिच्या जागी दुसरी उगवते. इथे ‘पूर्ण करा’ हा सल्ला घातक ठरतो, कारण तेच तर ते वर्षानुवर्षं करताहेत. अशा माणसाला विचारा, हे संपलं तर कोणती गोष्ट हातातून जाईल? वसतिगृहातली खोली, गाइडचं छत्र, ‘मी अजून शिकतोय’ हे उत्तर देण्याची सोय? जे नाव घेतलं जाईल त्यावर पुढचं वाचन करा. चार कोपऱ्यांची मांडणी इथेही चालते, फक्त मधलं कार्ड उलटंच राहू द्या.

तुम्ही उलटी कार्डं वाचतच नसाल तर हा भेद शेजारच्या कार्डांवरून करावा लागतो. वाँड्सची दस्सी, म्हणजे ओझ्यानं वाकलेला माणूस, शेजारी असेल तर बहुधा पहिला प्रकार. पेंटॅकल्सची चौकडी, नाणं छातीशी कवटाळून बसलेला माणूस, असेल तर दुसरा.

‘म्हणजे परदेशी जाणार का?’

हा प्रश्न येणारच, आणि त्याला आधार नाही असंही नाही. वेटच्या यादीत निश्चित यश आणि मोबदला यांच्यासोबत प्रवास, स्थलांतर, जागा बदलणं हे अर्थही आहेत. पण ‘द वर्ल्ड’ आलं म्हणून व्हिसा आला असं होत नाही. परदेशाचा अर्थ मी तेव्हाच घेते, जेव्हा तो विषय व्यक्तीनं स्वतः काढलेला असतो, तिनं काही पावलं टाकलेली असतात आणि शेजारी हालचालीचं कार्ड असतं: होडीतून पलीकडे जाणारी माणसं दाखवणारी सोर्ड्सची छक्की, आकाशातून सुटलेल्या काठ्यांची वाँड्सची अठ्ठी, किंवा गलबतांकडे बघत उभा असलेला माणूस असलेली वाँड्सची तिर्री. यातलं काहीच नसेल तर जागा बदलण्याचा अर्थ साधा ठेवा. वसतिगृह सोडणं, विभागातलं टेबल रिकामं करणं हीदेखील जागा बदलणंच आहे.

‘द फूल’ घाईनं आणू नका

21 नंतर पुन्हा शून्य, म्हणून ‘द वर्ल्ड’नंतर ‘द फूल’, नवी सुरुवात, असं बहुतेक वर्गांत शिकवतात. वेटनं स्वतः मात्र ‘फूल’चं वर्णन 20 आणि 21 यांच्या मध्ये ठेवलंय, तेव्हा हा क्रम काही दगडावरची रेघ नाही. आणि ज्याचं काम कालच संपलंय त्याला आज ‘नवी सुरुवात’ ऐकवणं म्हणजे त्याच्या सहा वर्षांकडे न बघणं. तरी ‘फूल’चा एक उपयोग आहे. वाचन झाल्यावर ते कार्ड मुद्दाम काढून दाखवा आणि त्याच्या काठीला अडकवलेल्या गाठोड्याकडे बोट करा. गाठोडं अगदी लहान आहे. विचारा, या पदवीतली कोणती एक-दोन कौशल्यं त्यात जातील? सडे पालथे घालणारी ती संशोधक कदाचित म्हणेल, ‘पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात कुठे काय उगवेल ते मला बघून कळतं.’ हे उत्तर तिच्या बायोडेटात कुठेच नसतं. तिच्याकडून ते तिथल्या तिथे लिहून घ्या.

वाचन संपवताना

निघालेल्या कार्डांचा फोटो, तारीख आणि तिनं स्वतः ठरवलेल्या दोन-तीन गोष्टी तिच्या वहीत असू द्या. तुमच्या वहीत तुमचा अर्थ वेगळा लिहा, म्हणजे काही महिन्यांनी काय जुळलं आणि काय तुम्ही ओढूनताणून बसवलंत ते कळेल. त्याच प्रश्नासाठी पुन्हा कार्डं काढायची ती वस्तुस्थिती बदलल्यावरच: व्हायवा झाला, एखादं पत्र आलं, नकार आला. मधल्या काळात कुणी ‘जरा परत बघा ना’ म्हणत आलं तर जुना फोटो उघडून त्यावरच बोला.

लांब काम संपल्यावर येणारं रितेपण पुष्कळांना येतं आणि ओसरतं. पण झोप उडालीय, जेवण जात नाही, ‘आता कशालाच अर्थ नाही’ असं वाक्य परत परत येतंय, असं दिसलं तर कार्डं बाजूला ठेवा. तिच्या घरच्या किंवा जवळच्या कुणाला विश्वासात घ्यायला सांगा आणि समुपदेशक किंवा डॉक्टरकडे जाण्याबद्दल स्पष्ट बोला. त्या दिवशी पुढची मांडणी करायची नाही.